वहीचे लिप्यंतर: ऊसतोड कामगारांच्या मुलाखती, पान ३ ते ११

वृत्तसंपादकांसाठी. मूळ वही बातमीदाराची, निळ्या पुठ्ठ्याची. मुलाखती जानेवारी २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या एका फडावर आणि शेजारच्या कोप्यांवर घेतल्या आहेत. माणसे बीड जिल्ह्यातली. पान ३ वर सर्वांत वर "नावं नकोत" असे लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. म्हणून वहीतली नावे, गावे आणि कारखान्याचे नाव इथे घेतलेले नाही. बोलणारे चौघे आहेत: कामगार स्त्री (वय ३५, पान ४), तिचा नवरा, टोळीचा मुकादम आणि कारखान्याचा चिटबॉय.

दुहेरी अवतरणात फक्त बोलणाऱ्याचे म्हणून लिहिलेले शब्द आहेत. बातमीदाराने स्वतःच्या भाषेत टिपलेले "आशय" म्हणून दिले आहे, ते अवतरणात छापू नये. शब्दानंतर [?] म्हणजे वाचन शंकास्पद. [क / ख] म्हणजे दोन्ही वाचने शक्य, पहिले मला जास्त जवळचे वाटते. [अवाच्य] म्हणजे वाचताच आले नाही. बोली जशी लिहिली आहे तशीच ठेवली आहे. "न्हाई"चे "नाही" कुठेही केलेले नाही, आणि छापतानाही कुणी करू नये अशी विनंती आहे.

पान ३
आशय: टोळीत १२ कोयते. फड सकाळी ६ ला सुरू. गाडी भरायला रात्री कधीही उठवतात.
(नवरा-बायको मिळून एक कोयता. वहीत हे कुठेच फोडून सांगितलेले नाही, वाचकाला सांगावे लागेल.)

पान ४ व ५
कामगार स्त्री: "दिवाळी झाली की निघालो. मतदानाला माघारी न्यायला गाडी येणार म्हनले, आली न्हाई."
(विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले.)

कामगार स्त्री: "चार वाजता उठायचं. भाकरी करायच्या, पाणी भरायचं, मग फड. ह्यो तोडतो, मी मोळ्या बांधते. मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं गाडीत चढायचं. पाय सरकला की [खाली / गेली]."
शेवटच्या शब्दाने वाक्याचा अर्थ बदलतो. "खाली" म्हणजे पडणे, "गेली" म्हणजे जिवानिशी जाणे. आधीच्या वाक्यावर थांबणे बरे.

कामगार स्त्री: "पोरगी सातवीत हाय, आजीपाशी ठिवली. धाकटा संगं आणला. त्याची शाळा पट्टा पडल्यावर."

पान ६
नवरा: "उचल [१ लाख १० / १ लाख ९०] हजार घेतली. दोघांची मिळून."
बातमीदाराचे १ आणि ९ या पानावर सारखेच दिसतात, शेपटी कधी आहे, कधी नाही. पण समासात तिनेच वजाबाकी मांडली आहे आणि तिचे उत्तर स्वच्छ ७० आहे. "४० फिटले" हे पुढच्याच ओळीत येते. ११० मधून ४० गेले तरच ७० उरतात, म्हणून १ लाख १० हजार हा आकडा मी पक्का धरतो.

नवरा: "४० फिटले. बाकीचं फिटलं न्हाई तर पुढल्या साली ह्याच मुकादमाकडं. दुसरीकडं जाता येत न्हाई."
नवरा: "वाढं इकून तेल-मीठ भागतं. त्यो पैसा तेवढा आपला."

पान ७
अर्ध्या पानावर पाणी पडून शाई पसरली आहे. वाचता आले ते एवढेच.
नवरा [?]: "[अवाच्य, साधारण ४ शब्द] खाडा धरला. ताप आला तरी खाडा."
बोलणारा नवरा असावा, कारण आधीची ओळ त्याची आहे. पण या पानावर बाण किंवा आद्याक्षर नाही. "एका कामगाराने सांगितले" यापलीकडे जाऊ नये.

पान ८ व ९
सर्वांत महत्त्वाची पाने हीच, आणि सर्वांत घाईत लिहिलेलीही हीच.

कामगार स्त्री: "पाळी आली तरी फडात जावंच लागतं. खाडा पडला की दिवसाचे पाचशे[?] कापतात."
कामगार स्त्री: "पोटात दुखायचं, अंगावरनं जायचं. [मु.नी / मा.नी] दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हनला पिशवी काढून टाक, न्हाईतर कॅन्सर व्हईल. मी तवा [२६ / २८] वर्साची."
कामगार स्त्री: "पैसे उचलीत धरले. कंबर तवापासनं धरती ती धरतीच."

बातमीदार "मु." हे मुकादमासाठी वापरते, पान १० वर तीन वेळा तसे आहे. इथे मात्र "म"खालची रेघ उकार आहे की वरच्या ओळीतल्या "जायचं"मधून खाली आलेला फराटा आहे, हे भिंगाखालीही ठरत नाही. काना म्हणावा अशी एक पुसट उभी रेघ शेजारी आहे. आणि पान ९ वर ही बाई म्हणते: "मावशी बी त्याच टोळीत व्हती." म्हणजे मावशीने नेले असेल, हेही वाचन उभे राहते. पैसे उचलीत धरले, यावरून मुकादमाने पैसे दिले असे दिसते. नेले कुणी, हे त्यावरून ठरत नाही. एका माणसावरचा इतका गंभीर आरोप एका उकारावर छापता येणार नाही. बाईचे दुखणे मात्र शंकेच्या खुणांखाली दबू नये. पोटातले दुखणे, डॉक्टरचे शब्द आणि कंबर ही तिन्ही वाक्ये स्वच्छ वाचता येतात. ती पूर्ण छापावीत.

कामगार स्त्री: "चौकशीला मॅडम लोक आले म्हनं. आमच्या वाडीला कुणी आलं न्हाई."
याच्या समासात दुसऱ्या पेनाने "गोऱ्हे समिती, २०१९?" असे आहे. ही बातमीदाराची स्वतःसाठीची टीप आहे. बीडमधल्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, हे खरे. पण बाईने नाव घेतलेले नाही, सालही सांगितलेले नाही. संदर्भ बातमीच्या मजकुरात द्यावा, तिच्या अवतरणात कंसातही घालू नये.

पान १०
मुकादम: "कोयता पळाला तर कारखाना माझ्याकडून वसूल करतो. मीपण कर्जातच आहे."
मुकादम: "दवाखान्याला पैसे लागले तर देतो, माणुसकी म्हणून. जबरदस्ती कुणाला नाही."
आशय: खाड्याचा दर विचारल्यावर हसला, उत्तर दिले नाही. ("हसला" बातमीदाराचा शब्द.)
पान ८ वरच्या बाईबद्दल त्याला विचारल्याची नोंद नाही. वाचन "मु." ठरले, तर छापण्याआधी त्याला विचारणे भागच आहे.

पान ११
चिटबॉय: "रेट [३४ / ३६] टक्के वाढला. हातात किती आला ते त्यांनाच विचारा."
जानेवारी २०२४ मध्ये तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली होती, त्यामुळे ३४ जुळते. तरी कंस काढलेला नाही. करारात ३४ होते म्हणून याच्या तोंडूनही तेच आले असे होत नाही. वाढीचा आकडा बातमीत कराराच्या आधारे द्यावा आणि याचे फक्त दुसरे वाक्य घ्यावे.

बातमीदाराने बाईला फोनवर विचारायचे प्रश्न: दवाखान्यात कोणी नेले, तेव्हा वय काय होते, खाड्याचे किती कापतात. नवऱ्याला विचारायचे: पान ७ वरचे बोलणे त्याचेच का. बाईच्या नंबरापुढे "रात्री ८ नंतर" असे वहीत लिहिले आहे, त्याआधी ती फडात असते. उत्तरे आली की नवी तारीख घालून ती या मजकुराखाली जोडीन, वरचे कंस आहेत तसेच राहतील. तोपर्यंत पान ८ वरचे "दवाखान्यात नेलं" हे वाक्य रोखून धरावे.