मंगळवारच्या मुलाखतीतला राहिलेला मुद्दा

विषय: स्टोअर सुपरवायझर पदाची मुलाखत – आधीच्या नोकऱ्यांच्या कालावधीबाबत

मा. साहेब,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी तुम्ही आणि अकाउंट्सच्या मॅडमनी वेळ काढून सविस्तर बोललात, शिवाय बेदाणा ठेवायचं चेंबर आतून दाखवलंत, त्याबद्दल आभारी आहे. निघताना तुम्ही विचारलंत, "पाच वर्षांत पाच ठिकाणं झाली. आमच्याकडं तरी हंगाम काढशील का?" बाहेर बेदाण्याची गाडी येऊन थांबली होती आणि तुम्हाला काट्यावर जायचं होतं. म्हणून मी "काढणार साहेब" एवढंच म्हणालो. पण प्रश्न रास्त आहे. ज्याच्या हातात शेतकऱ्यांच्या मालाच्या किल्ल्या द्यायच्या तो किती दिवस राहणार, हे मालकानं विचारायलाच हवं. त्याचं पूर्ण उत्तर लेखी देतो.

पहिली नोकरी साखर कारखान्यात, नोव्हेंबर २०१७ ते एप्रिल २०१८, वजनकाट्यावर हंगामी क्लार्क म्हणून. गाळप संपलं की हंगामी माणसाचं काम संपतं, हे तुम्हाला सांगायला नको. बायोडेटात नुसते सहा महिने दिसतात, म्हणून 'हंगामी' हा शब्द आता तिथे घातला आहे. भरलेल्या ट्रॅक्टरचं वजन, रिकाम्याचं वजन आणि पावतीवरचा आकडा मागाहून बदलायचा नाही, ही शिस्त तिथेच लागली.

दुसरी नोकरी सांगलीत हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे, गोडाऊन आणि स्टॉक बुकाची. जुलै २०१८ ते ऑक्टोबर २०१९. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं गोडाऊन सखल भागात होतं. पोती वरच्या माळ्यावर चढवता येतील तेवढी चढवली, खालच्या थप्प्या मात्र पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा चिखल आणि कुजक्या हळदीचा वास असा होता की आत उभं राहवत नव्हतं. स्टॉक बुक मी आधीच वर नेलं होतं, तरी ओल लागून पानं चिकटली होती. ती एकेक सुटी करून दोरीवर वाळवली आणि विम्याच्या सर्व्हेअरला लॉटवार यादी करून दिली: किती पोती आली, किती विकली, कुणाची किती भिजली. शेतकऱ्यांची ठेवलेली हळद कुठली आणि मालकांची स्वतःची कुठली, हे त्या बुकामुळेच वेगळं करता आलं. दाव्याचं काम पुरं करून दिलं आणि मगच बाहेर पडलो, कारण मालकांनी गोडाऊन बंद करायचं ठरवलं होतं. त्यांचं पत्र सोबत आहे. फोन केलात तर तेही हेच सांगतील.

तिसरी पुण्याची. जानेवारी २०२० मध्ये हार्डवेअरच्या एका वितरकाकडे लागलो, मार्चअखेर लॉकडाऊन लागलं, मे महिन्यात त्यांनी नवी माणसं कमी केली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. त्या वर्षी अनेकांच्या बायोडेटात अशी एक ओळ आली.

चौथ्या नोकरीवर तुम्ही बोट ठेवलं होतंत, आणि खरं सांगायचं तर एवढी एकच मी स्वतःहून, मनानं सोडली. कुपवाडला एका गोडाऊनमध्ये नोव्हेंबर २०२० ते जून २०२१. पगारातून दरमहा पीएफ कापला जात होता, पण पासबुकात तो जमा होताना दिसेना. आधी तोंडी विचारलं, मग लेखी अर्ज दिला. "पुढच्या महिन्यात होईल" हेच उत्तर येत राहिलं. माझ्या हाताखाली हमाली करणाऱ्या पोरांचे पैसेही तसेच कापले जात होते आणि ती पोरं मला येऊन विचारायची. त्यांना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. नोटिशीचा महिना भरून, स्टॉक मोजून देऊन, पोच घेऊन निघालो. पीएफचं पासबुक सोबत जोडलंय. त्यात त्या काळातले कोरे महिने तुम्हाला दिसतील. त्या मालकांचं नाव लिहीत नाही. मुलाखतीतही घेतलं नाही, कारण दुसऱ्याच्या पाठीमागं बोलून स्वतःची बाजू मांडणं मला पटत नाही. आज तशीच वेळ आली तरी मी तेच करीन.

पाचवी पलूसला, द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये, सप्टेंबर २०२१ ते जून २०२२. काम आवडीचं होतं, मालक चांगले होते. मंगळवारी मी 'घरगुती कारण' एवढंच म्हणालो. कारण असं की जूनमध्ये वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यात काही आठवडे गेले, नंतर घरी उठवणं-बसवणं, मालिश, व्यायाम आणि दीड एकर बाग. धाकटा भाऊ तेव्हा शिकत होता. बाग सोडली असती तर कर्ज अंगावर आलं असतं. त्या वर्षीची ऑक्टोबर छाटणी मीच उभं राहून करून घेतली. वडिलांच्या आजाराचं भांडवल करून नोकरी मागायची नाही, म्हणून मुलाखतीत बोललो नव्हतो. पण मोघम उत्तरानं तुमच्या मनात शंका राहणार असेल तर सांगितलेलं बरं. आता वडील काठी घेऊन अंगणात फिरतात, भावानं शिक्षण पुरं करून बाग हातात घेतली आहे. पुन्हा तशी वेळ आलीच तर घरात आता दोन कर्ते आहेत.

बायोडेटाच्या दुसऱ्या पानावरची एक गोष्ट बोलायची राहून गेली. ऑक्टोबर २०२३ पासून मी तासगावात एकाच खते-औषधांच्या दुकानात आहे. दोन वर्षं उलटून गेली. म्हणजे ज्या ठिकाणी हंगाम, पूर, लॉकडाऊन किंवा आजारपण आडवं आलं नाही, तिथे मी राहिलो आहे. 'मग तेही का सोडतोस?' हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येणारच. मालकांचा मुलगा बीएस्सी अॅग्री होऊन पाडव्यापासून दुकानात बसणार आहे. दुकान एवढं मोठं नाही की दोघांना पुरेल. तुमच्याकडच्या जागेची बातमी मला मालकांनीच दिली आणि मुलाखतीला सुट्टीही त्यांनीच दिली. त्यांना जरूर विचारा. माझ्या परवानगीची गरज नाही.

या सगळ्यातून मला काय पाहिजे हेही कळलंय. काउंटरवर उभं राहून विकण्यापेक्षा माल सांभाळण्याच्या कामात माझा जीव रमतो. पलूसला द्राक्षांचं तापमान शून्याच्या आसपास ठेवायचं म्हणून रात्रपाळीतही दर दोन तासांनी नोंद घ्यायचो, दार किती वेळ उघडं राहिलं ते लिहायचो. बेदाण्याला तेवढं थंड लागत नाही, पण दमटपणा आणि रंग सांभाळावा लागतो. हिरवा बेदाणा पिवळा पडला तर सौद्यात भाव पडतो आणि शेतकरी आपल्यालाच विचारतो.

चेंबर पाहताना एक दिसलं, ते लिहितो. चुकत असेन तर सांगा. बॉक्सवरच्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव आणि गाव आहे, पण पावती क्रमांक सगळ्यांवर नाही. आपल्या भागात एकाच गावात एकाच नावाचे दोघे-तिघे निघतात. सौद्याला नमुना काढायच्या दिवशी एकाच्या लॉटमधून दुसऱ्याचा बॉक्स बाहेर आला तर वाद होतो, आणि माल तारण ठेवला असेल तर बँकही मध्ये येते. पावती क्रमांक, चेंबर, रॅक आणि थर हे चार आकडे चिठ्ठीवर आणि रजिस्टरमध्ये सारखे ठेवले तर नवा माणूसही लॉट शोधून काढेल. मॅडमनी जीएसटीचं विचारलं होतं, त्यालाही हे धरून आहे. शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्याच्यावर जीएसटी लागत नाही, हे कौन्सिलनं डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचा माल स्टॉकमध्ये पहिल्या दिवसापासून वेगळा लिहिलेला असला की त्यांचं काम सोपं होतं.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. मी हा हंगाम आणि पुढचा हंगाम पूर्ण काढीन, हे नेमणूक पत्रात लिहायला तयार आहे. त्यानंतरही कधी जायची वेळ आली तर फेब्रुवारी ते मे या आवकेच्या महिन्यांत जाणार नाही, दोन महिने आधी सांगीन आणि माझ्या जागी येणाऱ्याला चेंबरनिहाय स्टॉक मोजून देईन. सुरुवातीचे सहा महिने प्रोबेशनवर ठेवलंत तरी हरकत नाही. पगाराचं जे बोलणं झालं त्यात यामुळे काही बदल मागत नाही. माझी एकच अपेक्षा आहे, पगार आणि पीएफ वेळेवर. ते तुमच्याकडे होतं हे मी तुमच्या दोन जुन्या कामगारांकडून ऐकलं आहे, म्हणूनच अर्ज केला.

सोबत दुरुस्त केलेला बायोडेटा, हळदीच्या व्यापाऱ्यांचं आणि पलूसच्या कोल्ड स्टोअरेजचं अनुभवपत्र, कुपवाडच्या गोडाऊनची स्टॉक हस्तांतराची पोच आणि पीएफ पासबुक जोडत आहे. तिघा जुन्या मालकांचे नंबर वेगळ्या कागदावर आहेत.

आणखी काही विचारायचं असेल तर दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, तेव्हा फोन करावा. बोलावलंत तर कोणत्याही दिवशी सकाळी नऊच्या आत येऊन जाईन. निवड झाली तर दुकानातला स्टॉक मोजून द्यायला मला आठ दिवस लागतील, त्यानंतर लगेच रुजू होता येईल. मॅडमना नमस्कार सांगावा.

आपला नम्र,
संतोष पाटील
तासगाव