संक्रांतीचा गूळ आलाय, आणि 'केमिकल-फ्री'ची पट्टी काढलीये

तर मंडळी, कोल्हापूरचा गूळ कालपासून दुकानात आलाय, एक किलोचे रवे, 110 रुपये. बरणीवरची हिरवी पट्टी गायब आहे हे सकाळीच दोघा-तिघांनी विचारलं. होय, आम्हीच काढली. मागच्या वर्षभर या पेजवर प्रत्येक फोटोखाली 'शुद्ध, नैसर्गिक, केमिकल-फ्री' असं डोळे मिटून टाकत होतो. मग दिवाळीत एका काकूंनी काउंटरवर विचारलं, "गुळात चुना घालतात ना हो? मग चुना केमिकल नाही का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण घालतात. आमच्या गुळातही घालतात. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, शाळेत शिकलोय आपण सगळे.

म्हणून या वेळी विशेषणं नाहीत, हा माल कुठून आणि कसा आला तेवढं सांगतो.

ऊस पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीचा, दोन भावांचं साडेतीन एकर रान. जात को 86032, खोडवा. शेणखत, जीवामृत, आणि पाचट न जाळता सरीतच ठेवतात. त्यांच्या शेतकरी गटाचं पीजीएस-इंडियाचं, म्हणजे सरकारच्या सेंद्रिय शेतीच्या योजनेचं, सर्टिफिकेट आहे, 'पीजीएस-ऑरगॅनिक'वालं. यात अजून एक 'पीजीएस-ग्रीन' असतं, ते रासायनिक शेतीतून बदलत असलेल्या रानाला मिळतं, दोन्ही एक नव्हे, त्यामुळे दुकानदार नुसतं 'पीजीएस आहे' म्हणाला तर कुठलं ते विचारा (आम्हालाही विचारा). सर्टिफिकेटची कॉपी काउंटरच्या मागे लावलीये, गटाचा नंबर बरणीवर छापलाय, पीजीएसच्या वेबसाइटवर टाकून बघू शकता. शेतकऱ्यांचे फोन नंबर मात्र इथे टाकत नाही, दुकानातल्या वहीत आहेत, त्यांना विचारूनच लिहिलेत. एकदा एकाचा नंबर पोस्टमध्ये टाकला होता तर लोकांनी रात्री अकराला फोन करून आंबे आहेत का विचारलं होतं.

एक गोष्ट मला तिथे उभं राहून बघायला मिळाली म्हणून सांगते. बांधाला लागून शेजाऱ्याचा ऊस आहे आणि तो तणनाशक मारतो. तर या भावांनी कडेच्या चार सऱ्या वेगळ्या तोडून कारखान्याला घातल्या, आपल्या गुळात घेतल्याच नाहीत. मी धाकट्याला म्हटलं नुकसान नाही का होत, तर म्हणाला, "ताई, वारं काय बांध बघून वाहतंय व्हय?"

गुऱ्हाळ गावातलंच, भाड्याचं. आमचं आदण 3 जानेवारीचं. दोन टन उसाचा सव्वादोनशे किलोच्या आसपास गूळ पडला, त्यातला 180 किलो आम्ही आणला. रस काईलीत तापताना रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची, चुन्याची निवळी गुळव्याच्या अंदाजाने, आणि फेस उतू जायला लागला की थोडं शेंगदाण्याचं तेल. घातलं ते एवढंच. साखर नाही, हायड्रॉस नाही. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, त्याने गूळ पिवळाधमक होतो आणि बाजारात पिवळ्यालाच भाव म्हणून घालतात. आम्ही सकाळी सहापासून गूळ वाफ्यात ओतेपर्यंत तिथेच होतो, व्हिडिओ हायलाइट्समध्ये आहे, न कापलेला, मध्ये बराच वेळ नुसती वाफच दिसते ते चालवून घ्या.

आणि हो, काळा गूळ म्हणजे चांगलाच असं काही नाही बरं का. जास्त कढला तरी काळा होतो, क्षारपड रानातल्या उसाचा झाला तरी काळा होतो. आपला या वेळचा तांबूस आहे, मागच्यापेक्षा फिका. रंगावरून कुणी गॅरंटी देत असेल तर ऐकून सोडून द्या.

तिळाच्या मऊ वड्यांना हा मस्त, पण हा चिक्कीचा गूळ नाही, कडक लाडूंचा पाक याचा करायला जाल आणि मला शिव्या द्याल, तर आधीच सांगितलं.

आता बाकीच्या फळीचंही खरं बोलून टाकते.

हळद वायगावची, वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. वायगाव हळदीला 2016 मध्ये जीआय मिळालंय. पण जीआय म्हणजे ती तिथलीच आहे एवढंच, फवारणी केली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. आमच्या शेतकऱ्याने लागणीनंतर एकदा युरिया दिलाय, त्याने स्वतःहून सांगितलं. म्हणून पाकिटावरचा 'ऑरगॅनिक' शब्द मार्करने खोडलाय, नवी पाकिटं येईपर्यंत तशीच विकणार, दिसायला वाईट दिसतं पण काय करणार. एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमधून शिसं आणि कीटकनाशकं तपासून घेतली, रिपोर्ट दुसऱ्या फोटोत. त्यात 'आढळलं नाही' लिहिलंय त्याचा अर्थ शून्य असा नसतो, मशीनला दिसेल त्याच्या खाली असा असतो. आणि रिपोर्ट फक्त याच लॉटचा आहे, पुढच्या लॉटला हाच कागद दाखवला तर मला पकडा.

शेंगदाणा तेल: घाणा हडपसरचा, लाकडी, दर गुरुवारी चालू असतो, येऊन बघा. शेंगदाणे मात्र मार्केट यार्डातून घेतलेत, कुठल्या शेतातले ते आम्हाला माहीत नाही, म्हणून लेबलवर 'घाण्याचं तेल' एवढंच. एक लिटरला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात, आजचा दाण्याचा भाव विचारा आणि गुणाकार करा, मग दोनशे रुपये लिटरवालं घाण्याचं तेल कसं परवडतं तो प्रश्न त्या दुकानदाराला विचारा.

तूरडाळ या आठवड्यात नाही. जी आली होती तिच्या पोत्यावर गावाचं नाव नव्हतं, व्यापारी म्हणाला 'आपलीच आहे हो', परत पाठवली.

अजून एक, पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर बघून बरेच जण 'सर्टिफाइड आहे ना' म्हणतात. तो आमच्या धंद्याचा नंबर आहे, वेफर्सच्या पुडीवरही असतो. ऑरगॅनिकसाठी 'जैविक भारत'चा लोगो बघायचा, आमच्याकडे तो सध्या फक्त गुळावर आहे.

गूळ 180 पैकी 64 किलो कालच गेला. घरटी दोन रवे, जास्त मागू नका. कोथरूडच्या दुकानात सकाळी 10 ते रात्री 8, सोमवारी बंद. घरपोच हवा असेल तर आज संध्याकाळी सातपर्यंत मेसेज करा, 40 रुपये डिलिव्हरी. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचा एक रवा बाजूला ठेवलाय.

#संक्रांत #कोल्हापुरीगूळ #गुऱ्हाळ #वायगावहळद #कोथरूड