पार्सल रवाना होण्यापूर्वी डिलिव्हरीचा पत्ता दुरुस्त करण्याबाबत पत्र

दिनांक : 12 मार्च 2025, दुपारी 2.15

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
कुरिअर बुकिंग शाखा,
सातपूर एमआयडीसी, नाशिक 422007

विषय : कन्साइनमेंट क्र. 70418265 (एकूण 2 बॉक्स) : माल शाखेतच होल्ड करून डिलिव्हरीचा पत्ता व पिनकोड बदलण्याबाबत

महोदय,

आज सकाळी 11.40 वाजता आपल्या शाखेत वरील क्रमांकाने दोन बॉक्स बुक झाले आहेत. हे पत्र लिहिताना ट्रॅकिंगवर स्थिती ‘बुक्ड’ अशीच दिसत आहे, म्हणजे माल अजून बॅगेत भरलेला नाही आणि मॅनिफेस्टही झालेले नाही. आपली गाडी संध्याकाळी 6.30 ला सुटते. त्याआधी पुढील दुरुस्ती व्हावी, ही विनंती. सगळ्यात आधी सिस्टीममध्ये कन्साइनमेंटवर होल्ड टाकावा. बाकीची कागदपत्रे त्यानंतर सवडीने तपासली तरी चालतील.

पावतीवर व लेबलवर सध्या असलेला चुकीचा पत्ता :
श्री. संदीप माने, गाळा क्र. 9, दुसरी गल्ली, शाहूपुरी, कोल्हापूर 416001

हवा असलेला बरोबर पत्ता :
श्री. संदीप माने, देखभाल विभाग, प्लॉट क्र. जे-47, एमआयडीसी शिरोली, शिरोली पुलाची, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर 416122

बुकिंग करताना पोर्टलवर साठवलेला या ग्राहकाचा जुना पत्ता आपोआप भरला गेला. आमच्या बिलावर शिरोलीचाच पत्ता छापलेला आहे. बिलाची एक प्रत बॉक्स क्र. 1 वरील पारदर्शक पाउचमध्ये आहे, दुसरी या पत्रासोबत जोडली आहे. त्यामुळे बिल बदलावे लागणार नाही. मालाची किंमत 18,400 रुपये असल्याने ई-वे बिल काढलेले नाही, म्हणून ते रद्द करून नवे काढण्याचाही प्रश्न नाही. दुरुस्ती फक्त आपल्या सिस्टीममध्ये आणि लेबलवर करायची आहे.

दोन्ही पत्ते कोल्हापूरचेच आहेत, तेव्हा तिथला डिलिव्हरी बॉय फोन करून पाहून घेईल, असे कृपया गृहीत धरू नये. बॅग पिनकोडवर लागते. 416001 चा माल शहरातल्या शाखेकडे जाईल, तिथे ‘पत्त्यावर व्यक्ती नाही’ असा शेरा पडेल आणि माल परतीच्या रांगेत लागेल. परवा, शुक्रवारी, धुळवड आहे. एक फेरी चुकली की माल थेट पुढच्या आठवड्यात पोहोचेल. या बॉक्समध्ये फाउंड्रीच्या कूलिंग पंपाचे इम्पेलर आणि मेकॅनिकल सील आहेत. पंप उघडून ठेवलेला आहे.

नवा पत्ता भरताना गावाच्या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. याच जिल्ह्यात शिरोळ हे तालुक्याचे वेगळे गाव आहे, त्याचा पिनकोड 416103. इंग्रजीत टाइप करताना शेवटचे एक अक्षर गळले की शिरोलीचे शिरोळ होते. तसेच नुसते ‘एमआयडीसी, कोल्हापूर’ लिहिले तर गोकुळ शिरगावची वसाहत निवडली जाण्याची शक्यता असते, तिचा पिनकोड 416234. म्हणून लेबलवरच्या ओळी अशाच याव्यात :

```
PLOT J-47, MIDC SHIROLI
SHIROLI PULACHI, TAL. HATKANANGALE
DIST. KOLHAPUR 416122
```

माने यांचा पावतीवरचा मोबाईल क्रमांक बरोबर आहे. तो बदलू नये, डिलिव्हरीचा ओटीपी त्याच क्रमांकावर जाणार आहे.

दुरुस्ती जुन्या लेबलवर पेनाने करू नये. शाखेत वेळ कमी असला की तसे होते, हे आम्ही जाणतो. पण हबमध्ये हाताने लिहिलेले कोणी वाचत नाही. तिथे बारकोड स्कॅन होतो आणि सिस्टीममध्ये जो पिनकोड आहे त्याच दिशेला बॉक्स जातो. म्हणून आधी सिस्टीममध्ये पत्ता व पिनकोड बदलावा, मग नवे लेबल छापावे. जुने लेबल पूर्ण सोलून काढावे. निघत नसेल तर नवे लेबल त्याच्यावर असे चिकटवावे की जुना बारकोड किंवा राउटिंग कोड कुठूनही दिसणार नाही. दोन बारकोड उघडे राहिले तर स्कॅनर त्यातला कोणताही उचलतो.

आणखी एक गोष्ट, आणि यातच बहुधा घोटाळा होतो : कन्साइनमेंट एकच असली तरी बॉक्स दोन आहेत. लेबलवर 70418265-01 आणि 70418265-02 असे उपक्रमांक आहेत. पहिला बॉक्स 40 × 30 × 30 सेंमी, प्रत्यक्ष वजन 6.4 किलो. दुसरा 30 × 25 × 20 सेंमी, वजन 3.1 किलो. दोन्हींवर निळी पॅकिंग टेप आहे. लहान बॉक्स रॅकवर मागे राहून त्याला जुनेच लेबल राहिले, तर इम्पेलर शिरोलीला आणि सील शाहूपुरीत अशी अवस्था होईल, आणि एकाशिवाय दुसरे निरुपयोगी आहे. दोन्ही बॉक्स समोर ठेवूनच लेबल बदलावे.

बुकिंग झाल्यावर पिनकोड बदलण्याची सोय आपल्या सिस्टीममध्ये नसेल, तर ही कन्साइनमेंट रद्द करून नव्या क्रमांकाने बुक करण्यास आमची संमती आहे. तसे केल्यास भरलेली रक्कम नव्या बुकिंगमध्ये वळती करावी, 18,400 रुपयांची जाहीर किंमत व त्यावर घेतलेले जोखीम संरक्षण नव्या पावतीवरही यावे, आणि नवा क्रमांक आम्हाला लगेच कळवावा. आकारणीचे वजन बदलण्याचे कारण नाही. आकारमानाप्रमाणे, 5000 ने भागून, पहिल्या बॉक्सचे 7.2 किलो येते, दुसऱ्याचे प्रत्यक्ष 3.1 किलोच जास्त आहे. एकूण 10.3, पावतीवर ते 10.5 असे पूर्णांकित केले आहे. 416122 साठी लांबच्या डिलिव्हरीचा अधिभार किंवा पत्ताबदलाचे शुल्क लागत असेल, तर आकडा फोनवर सांगावा, आमचा माणूस शाखेत येऊन भरेल. ती रक्कम माने यांच्याकडून दारात मागू नये.

हे पत्र पोहोचेपर्यंत माल बॅगेत गेला असेल, तर बॅग उघडून दोन्ही बॉक्स उतरवावेत. गाडी सुटली असेल, तर माल नाशिकला परत बोलावू नये. कोल्हापूरच्या हबला कळवून तिथेच पत्ता बदलून घ्यावा आणि जुन्या पत्त्यावर डिलिव्हरीचा प्रयत्न होऊ देऊ नये.

पत्ता बदलण्याची विनंती खरी पाठवणाऱ्याचीच आहे, याची खात्री आपण करालच. त्यासाठी पावतीवरच्या आमच्या नोंदणीकृत क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. याच कन्साइनमेंटसाठी दुसऱ्या एखाद्या क्रमांकावरून पत्ता बदलण्याची सूचना आली, तर ती स्वीकारू नये.

बदल झाल्यावर दोन्ही बॉक्सवरच्या नव्या लेबलचे फोटो आणि ट्रॅकिंगवर दिसणारा नवा पिनकोड आज 5.30 पर्यंत नोंदणीकृत ईमेलवर पाठवावा. तोपर्यंत काही कळले नाही, तर आमचा प्रतिनिधी सहाच्या आत मूळ पावती घेऊन काउंटरवर येईल. तो येईपर्यंत माल गाडीत चढवू नये.

आपला,
अनिल देवरे
माल रवानगी प्रमुख, पंप सुटे भाग विभाग
सातपूर एमआयडीसी, नाशिक 422007

सोबत :
1. बुकिंग पावतीची प्रत
2. बिलाची प्रत, पत्त्यावर खूण केलेली
3. स्वाक्षरी केलेली ओळखपत्राची प्रत

या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, स्वीकारल्याची वेळ आणि घेणाऱ्याची सही द्यावी.