सी-७

शटरिंग उघडलं तेव्हा साडेनऊ झाले असतील, मी वडापाव खात होतो आणि तो तसाच हातात राहिला. सी-७ कॉलमच्या तळाशी नुसती खडी दिसत होती, गूळ कमी पडलेली चिक्की असते ना तशी. बोटाने दोन खडे सुटून खाली पडले. पेनाची रिफिल घातली तर आत जाऊन टक्क वाजली, सळईला लागली. सळईवर ४० एमएम काँक्रीटचं कव्हर आहे तिथे, म्हणजे होतं ड्रॉइंगमध्ये. खाली शटरच्या फटीतून वाहिलेली स्लरी वाळून बसली होती, कुठून काय गेलं ते आंधळ्यालाही कळेल.

मागून फोरमन काका आले. "काय एवढं बघतोस, याच्या दुप्पट जाळी पाहिलीय मी. गवंड्याला बोलावलंय, सिमेंटचा हात मारेल, दुपारी कन्सल्टंट येईपर्यंत सुकेल पण."

गवंडी खरंच घमेलं घेऊन उभा होता.

"काका, झाकलं तर आत किती खोल गेलंय ते कळणारच नाही."

"मग तोडत बस. छिन्नी, मायक्रो काँक्रीट, टेस्ट, स्लॅब गेला पुढच्या आठवड्यात. आणि काँक्रीट ओतल्याच्या पोर कार्डावर सही कोणाची आहे रे?"

माझी. काल ट्रान्झिट मिक्सर एलबीएस रोडवर अडकला, यायला सात वाजले, तळाशी लॅपमुळे सळया इतक्या दाटीने की व्हायब्रेटरची मोठी निडल जात नव्हती, बारीक निडल आणायला पोरगा गेला होता आणि मी काय केलं तर काकांच्या भरवशावर आधीच सही ठोकून बदलापूर लोकल पकडली, आईला घेऊन डॉक्टरकडे जायचं होतं. काकांनीच म्हटलं होतं जा म्हणून. त्यांनी मला सांभाळून घेतलेलं, आता माझी पाळी, असाच हिशोब होता त्यांच्या डोळ्यांत. चुकीचा पण नव्हता तसा. प्रोबेशनचे दोन महिने बाकी, त्यात हे.

गवंड्याने थापी घमेल्यात बुडवली.

मी वर बघितलं, उगाच, कारण वर अजून काहीच नव्हतं, नुसतं आभाळ आणि उभ्या सळया. २२ माळे चढायचे होते तिथे.

"थांबव रे," मी म्हटलं. आवाज जरा फाटलाच. टेप लावून तीन फोटो काढले आणि कन्सल्टंटला फोन लावला. काका काही बोलले नाहीत, बाजूच्या ब्लॉकवर बसून तंबाखू मळायला लागले.

"सर, सी-७ ला हनीकॉम्ब आहे, सळई उघडी पडलीय. फोटो टाकलेत."

"हं. हात लावू देऊ नकोस कोणाला. काँक्रीट ओतताना कोण उभं होतं?"

काकांचा अंगठा तळहातावर थांबला.

"सही माझी आहे सर. पण मी तिथे नव्हतो."