रुग्णालय इमारत प्रकल्प, कोल्हापूर : कार्यभार हस्तांतरण टिपण (करार, प्रलंबित मंजुऱ्या व पुरवठादार)

दिनांक : 12 डिसेंबर 2025
प्रति : नवनियुक्त प्रकल्प व्यवस्थापक
प्रत : मानद सचिव, विश्वस्त मंडळ, लेखापाल

महोदय,

मी 19 डिसेंबर रोजी कार्यमुक्त होत असून आपण 22 डिसेंबरला रुजू होणार आहात. मधल्या दोन दिवसांत साइट अभियंता काम पाहतील, मात्र कोणत्याही देयकावर किंवा पत्रावर सही करण्याचा अधिकार त्यांना नाही. करारांच्या मूळ प्रती, मोजमाप पुस्तिका व पत्रव्यवहार कार्यालयातील लोखंडी कपाटात क्रमवार लावलेले आहेत, त्यामुळे तेथे सहज वाचता येईल ते येथे पुन्हा लिहिलेले नाही. कागदावर अर्धवट आलेल्या किंवा अजिबात न आलेल्या गोष्टींना मी अधिक जागा दिली आहे, कारण या प्रकल्पात खर्चाचे बहुतेक वाद साइटवर तोंडी झालेल्या बोलण्यातूनच उभे राहिले आहेत.

सर्वांत आधी : बँक हमी

मुख्य बांधकाम कंत्राटदाराने दिलेली 1 कोटी 7 लाख रुपयांची कार्यपूर्ती बँक हमी 31 जानेवारी 2026 रोजी संपते आणि काम त्या तारखेपर्यंत पूर्ण होणार नाही. हमी 31 जुलै 2026 पर्यंत वाढवून देण्याविषयीचे पत्र मी 1 डिसेंबरला दिले असून त्याची पोच फाइलमध्ये आहे, उत्तर मात्र आलेले नाही. 31 जानेवारीला शनिवार आहे. म्हणून 20 जानेवारीपर्यंत वाढीव हमी हाती न आल्यास ‘मुदत वाढवा अथवा रक्कम अदा करा’ अशा आशयाचे मागणीपत्र सचिवांच्या सहीने तयार ठेवावे आणि 28 जानेवारीला ते स्वतः बँकेच्या शाखेत नेऊन शिक्का व वेळेसह पोच घ्यावी. कंत्राटदाराचे प्रतिनिधी फोनवर ‘साहेब, सोमवारी पाठवतो’ असे निश्चित सांगतील. असे तीन सोमवार मी मोजले आहेत.

मुख्य बांधकाम करार

हा करार बाबनिहाय दरांचा असून त्याची मूळ रक्कम वस्तू व सेवा कर वगळून 21 कोटी 40 लाख रुपये आहे. मूळ मुदत 30 सप्टेंबर 2025 होती आणि ती विलंब दंडाचा हक्क राखून 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढवलेली आहे. हक्क राखल्याचे वाक्य मुदतवाढीच्या पत्रात तिसऱ्या परिच्छेदात आहे. पुढील कोणत्याही पत्रात ते गळता कामा नये, कारण आजवरच्या विलंबापैकी साधारण सात आठवडे आपल्याकडून नकाशे उशिरा दिल्यामुळे गेले आहेत. अंतिम हिशेबाच्या वेळी उभय पक्षांचा वाटा वेगळा करावाच लागेल.

तेविसाव्या चालू देयकापर्यंत 19 कोटी 86 लाख रुपयांचे काम मोजले गेले असून त्यातून 5 टक्के दराने 99 लाख 30 हजार रुपये राखून ठेवलेले आहेत. चोविसावे देयक 62 लाख 35 हजारांचे आहे आणि ते दोन कारणांसाठी माझ्याकडे थांबले आहे.

पहिले कारण तळघराच्या खोदाईतील कठीण खडकाचे. निविदेत 420 घनमीटर धरले होते, प्रत्यक्षात 1,180 घनमीटर निघाले आणि या प्रमाणाबाबत वाद नाही, कारण पातळी नोंदवहीवर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. करारानुसार निविदेच्या 125 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 525 घनमीटरपर्यंत, मूळ 940 रुपये दर लागू होतो आणि उरलेल्या 655 घनमीटरचा दर नव्याने ठरवायचा आहे. कंत्राटदार 1,480 रुपये मागतो. ब्रेकर, डिझेल व वाहतूक यांच्या प्रत्यक्ष नोंदींवरून मी केलेले दर पृथक्करण 1,130 रुपये येते. माझ्या दराने वाढीव बोजा 1,24,450 रुपये पडतो, त्यांच्या दराने 3,53,700. रक्कम प्रकल्पाच्या मानाने लहान आहे, पण हा दर कबूल केला तर भरावाच्या बाबीतही तोच युक्तिवाद उभा राहील, म्हणून 1,200 रुपयांच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे.

दुसरे कारण गच्चीचे, आणि ते अधिक गंभीर आहे. शस्त्रक्रिया विभागावरील गच्चीत 3 नोव्हेंबरला पाँडिंग सुरू केले. 6 तारखेला सकाळी शस्त्रक्रिया कक्ष क्रमांक 2 च्या छतावर, नैर्ऋत्येकडील खांबाच्या कोपऱ्यात, जेवणाच्या ताटाएवढा ओलावा दिसला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या कडेला थेंब धरू लागले. जलरोधक काम करणारा उपकंत्राटदार म्हणतो की विद्युत कंत्राटदाराने नंतर पाइप टाकताना थर फोडला. विद्युत कंत्राटदार म्हणतो की पाइप आधीचाच आहे. मी स्वतः तो कोपरा उघडून पाहिला. पावसाचे पाणी उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाभोवतीचा वाटा नीट मारलेला नाही आणि तेथे सिमेंटचा थर बोटाने सुटतो, त्यामुळे दोष जलरोधक कामाचाच आहे असे मला वाटते. छायाचित्रे तारखेसह फाइलमध्ये लावली आहेत. दुरुस्तीनंतर पुन्हा 72 तासांचे पाँडिंग यशस्वी झाल्याशिवाय देयकातील जलरोधक बाबीचे 8 लाख 90 हजार रुपये सोडू नयेत. देयकाचा निर्विवाद भाग अडवून ठेवणे मात्र योग्य नाही, कारण मजुरांचे पगार त्यावरच अवलंबून आहेत. तो भाग 26 डिसेंबरपूर्वी द्यावा आणि त्याच पत्रात बँक हमीचे स्मरण द्यावे.

इतर करार

विद्युत, वातानुकूलन आणि अग्निशमन यंत्रणा यांचे करार मार्गावर असून देयकांबाबत वाद नाही. वैद्यकीय वायुवाहिनीच्या करारात तांब्याच्या नळ्यांची दाब चाचणी झाली आहे, पण तिच्या अहवालावर सल्लागारांची सही राहिली आहे. ती घेतल्याशिवाय छताचे पॅनेल बंद करू देऊ नये.

उद्वाहकांचा करार वेळ खाणार आहे. तीनपैकी दोन उद्वाहक बसले असून तिसऱ्याचे सामान तळघरात पडून आहे, कारण त्याचा उभा मार्ग तिसऱ्या मजल्यावर ओळंब्याला 18 मिलिमीटर आत आला आहे. काँक्रीट तासून देण्याचे काम मुख्य कंत्राटदाराकडे आहे आणि संरचना सल्लागारांनी गज उघडे न पडता जास्तीत जास्त 12 मिलिमीटर तासण्यास लेखी संमती दिली आहे. उरलेले अंतर मार्गदर्शक रुळांचे ब्रॅकेट बदलून भरून काढता येईल, असे उद्वाहक कंपनीच्या अभियंत्याने साइटवर कबूल केले, पण लिहून दिलेले नाही. ते आधी लिहून घ्यावे. पुरवठादाराने सामान साठवणुकीसाठी दरमहा 8,000 रुपयांची मागणी केली आहे. सामान आपल्याच तळघरात असल्याने ती मी फेटाळली आहे.

ॲल्युमिनियम खिडक्यांचा पुरवठादार सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणीकृत आहे. त्याचे 11 लाख 20 हजारांचे देयक 8 नोव्हेंबरला स्वीकारलेल्या मालाचे असून 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमातील 45 दिवसांची मर्यादा 23 डिसेंबरला संपते. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मी देयक मंजूर करून लेखापालांकडे दिले आहे. आपण रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती मुदत असल्याने प्रथम दिवशीच विचारणा करावी.

प्रलंबित मंजुऱ्या

या मंजुऱ्या एकमेकींत अडकलेल्या आहेत आणि क्रम चुकला की महिना जातो. रुग्णवाहिकेचा उतार पूर्वेकडे हलवल्यामुळे सुधारित बांधकाम आराखडा महानगरपालिकेकडे 17 नोव्हेंबरला दाखल केला आहे. तो मंजूर झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्राचा अर्ज करण्यात अर्थ नाही. वाढीव क्षेत्रावर 1 टक्का बांधकाम कामगार कल्याण उपकराची तफावत भरावी लागेल, तिची तरतूद लेखापालांना कळवली आहे.

त्याच वेळी महावितरणची उच्चदाब जोडणी हवी आहे. रोहित्र व जनित्र यांची विद्युत निरीक्षकांकडून तपासणी झाल्याशिवाय जोडणी सुरू होत नाही, जोडणीशिवाय उद्वाहकांची अंतिम चाचणी व अग्निशमन पंपांची पूर्ण क्षमतेची चाचणी होत नाही, आणि या चाचण्यांशिवाय उद्वाहक परवाना व अग्निशमन विभागाचे अंतिम ना हरकत प्रमाणपत्र मिळत नाही. तात्पुरत्या जोडणीवर पंप चालवून दाखवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. तो भार तात्पुरत्या जोडणीला झेपत नाही, आम्ही ऑक्टोबरमध्ये प्रयत्न करून मुख्य स्विच दोनदा पाडला आहे. अग्निशमन यंत्रणेचे ‘नमुना अ’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घ्यायचे असून इमारत वापरात आल्यावर दर जानेवारी व जुलैमध्ये ‘नमुना ब’ द्यावा लागेल, ही बाब रुग्णालय प्रशासनाला आतापासूनच सांगून ठेवावी.

द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीसाठी पेसोकडे अर्ज केला आहे. टाकीचा चौथरा झाला आहे, परंतु आवारातील रस्त्याच्या कंत्राटदाराच्या नकाशात टँकर उभा राहण्याच्या जागेपर्यंत डांबरीकरण दाखवलेले आहे. द्रवरूप ऑक्सिजन डांबरावर सांडला तर साध्या आघातानेही स्फोट होऊ शकतो, म्हणून ती संपूर्ण जागा काँक्रीटचीच हवी. मी त्या नकाशावर लाल शाईने खूण करून सही केली आहे, मात्र सुधारित नकाशा अद्याप आलेला नाही आणि रस्त्याचे काम 5 जानेवारीला सुरू होणार आहे.

सीटी स्कॅन कक्षाच्या आराखड्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता आहे. नोव्हेंबरमध्ये एका वायरमनने त्याच कक्षाच्या संरक्षक भिंतीत पाइपासाठी खाच मारली होती. ती बुजवली असली तरी सल्लागारांकडून लेखी खातरजमा बाकी आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील संचालन संमतीचा व जैववैद्यकीय कचऱ्याच्या प्राधिकारपत्राचा अर्ज सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाण्यावरील चाचणीनंतर करायचा आहे, आणि सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राशी करारनामा झालेला आहे.

काही तोंडी गोष्टी

विश्वस्तांपैकी एकाने प्रवेशकक्षात संगमरवरी फरशी बसवण्यास साइटवर होकार दिला, असे कंत्राटदार सांगतो. मंडळाच्या इतिवृत्तात तसा ठराव नाही आणि मी तशी कोणतीही सूचना दिलेली नाही. फरकाची मागणी आली तर इतिवृत्त मागवावे. भांडारात 14 टन उरलेले लोखंड आहे. त्याची नोंद साइटवर सगळे ज्यांना मामा म्हणतात त्या भांडारपालांच्या वहीत आहे, ती आपल्या वहीशी जुळवून मगच परतीचा हिशेब करावा. वहीतील आकडे त्यांनी पेन्सिलने लिहिले आहेत, म्हणून मी 10 डिसेंबरला पानांच्या छायाप्रती काढून त्यावर त्यांची सही घेतली आहे.

कपाटाच्या दोन्ही किल्ल्या व मूळ बँक हमी सीलबंद लिफाफ्यात सचिवांकडे देत आहे. 22 डिसेंबरला सकाळी 10 वाजता गच्चीवर दुरुस्तीचे काम सुरू होईल, तेव्हा आपण उपस्थित राहावे. 15 जानेवारीपर्यंत संध्याकाळी सहानंतर मी फोनवर उपलब्ध आहे.

आपला,
कार्यमुक्त होणारा प्रकल्प व्यवस्थापक