एक्सेल फाइलींची नावे, जागा आणि तारखा : नव्या कर्मचाऱ्यांसाठी

आपल्या ऑफिसात एका फाइलीला चार-पाच जणांचे हात लागतात. देवास नाक्याच्या गोदामातून साठ्याचा हिशोब येतो, धार आणि खरगोन लाइनची मुले वसुली पाठवतात, सियागंजच्या टेबलावर बिले चढतात आणि शेवटी सगळे सीएंकडे जाते. त्यामुळे फाइलीचे नाव तुम्हाला कळले एवढ्याने भागत नाही. तुम्ही रजेवर असताना शेजारच्या टेबलावरच्याला ती न उघडता ओळखता आली पाहिजे. पुढचे सगळे नियम याच एका गरजेतून आले आहेत.

फाइल कुठे ठेवायची

सगळे काम ऑफिसच्या `Z:` ड्राइव्हवर. डेस्कटॉपवर, `Downloads` मध्ये किंवा पेन ड्राइव्हवर काहीही ठेवायचे नाही. संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर प्रत निघते ती फक्त `Z:` ची. तुमच्या डेस्कटॉपवरची फाइल त्यात येत नाही, आणि तुमचा पासवर्ड तुमच्याजवळच असतो. मार्चमध्ये रंगपंचमीला अर्धे इंदूर राजवाड्यावर असते, पण वर्षअखेरीमुळे सीएंचा फोन त्या दिवशीही येऊ शकतो. अशा वेळी उधारीची यादी घरी रंगलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये अडकून पडली, तर ऑफिसात बसलेला काहीच करू शकत नाही.

फोल्डरांची मांडणी अशी आहे:

```
Z:\Hishob
  2025-26
    01_sale
    02_udhari
    03_stock
    04_bhada
    05_pagar
    06_gst
    99_purane
```

सर्वांत वर आर्थिक वर्ष, त्याखाली विषय. याच्या आत आणखी फक्त एक पायरी चालेल, उदाहरणार्थ `02_udhari` मध्ये `dhar`, `khargone`, `ujjain`. त्याहून खोल जाऊ नका. एक तर शोधणाऱ्याचा जीव जातो. दुसरे म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलीच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता २१८ अक्षरांहून लांब झाला तर एक्सेल फाइल उघडायला नकार देते. लांबलचक नावांची फोल्डरे एकात एक घातली की ही मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते.

जुन्या फाइलींच्या फोल्डरचे नाव `purane` आहे, `june` नाही. आधी तसेच होते आणि दर वर्षी कोणीतरी जून महिन्याची बिले त्यात टाकायचे.

नाव कसे लिहायचे

नावाचे चार तुकडे, याच क्रमाने: कोणत्या काळाचा हिशोब, विषय, लाइन किंवा जागा, आणि ही प्रत कोणत्या तारखेची.

```
2025-06_udhari_dhar_2025-07-04.xlsx
2025-06_sale_indore_2025-07-09.xlsx
2025-07_stock_godam_2025-07-31.xlsx
```

नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश वाचा. नावात दोन तारखा आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. पहिली सांगते की आतले आकडे जून २०२५ चे आहेत. ती कधी बदलत नाही. शेवटची सांगते की ते आकडे ४ जुलैला जसे होते तसे या प्रतीत आहेत. धारच्या एखाद्या पार्टीचा चेक ७ तारखेला परत आला आणि जूनची यादी सुधारावी लागली, तर नवी फाइल `2025-06_udhari_dhar_2025-07-07.xlsx` होईल. पुढे `2025-06` तसेच राहील. ते `2025-07` केलेत तर जूनची उधारी जुलैत जाऊन बसेल आणि दोन्ही महिन्यांच्या बेरजा चुकतील.

तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी, महिना आणि दिवस दोन आकडी. बोलताना आपण ३ एप्रिल म्हणतो आणि बिलावर 03-04-2025 लिहितो, ते तिथे ठीक आहे. फाइलीच्या नावात तसे लिहिले की फोल्डरमध्ये १ एप्रिल, १ मे, १ जून एका ओळीत येतात आणि २ एप्रिल कुठेतरी खाली जातो. काही कॉम्प्युटरांवर महिना आधी लिहिण्याची सेटिंग असते. तिथे बसणारा 03-04 म्हणजे ४ मार्च वाचू शकतो. वर्ष आधी लिहिले की नावांचा क्रम आणि तारखांचा क्रम एकच होतो. आपले आर्थिक वर्षही आपोआप ओळीत येते: `2025-04` पासून सुरू होऊन `2025-12` नंतर `2026-01`, आणि शेवटी `2026-03`. एप्रिलला १ नंबर देऊन वेगळी मोजणी करायची गरज नाही.

एकाच दिवशी दुसरी प्रत करावी लागली तर तारखेला चिकटून `b`, मग `c`: `2025-07-07b`. पहिल्या प्रतीला काही लावायचे नाही.

विषयाचे शब्द ठरलेले आहेत आणि ते फोल्डरांवर दिसतातच. आपल्याकडे कोणी vikri लिहितो, कोणी bikri, कोणी bikree, आणि शोधायला बसले की एकही सापडत नाही. म्हणून सगळ्यांनी `sale`. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. तुकडे `_` ने तोडायचे. देवनागरी नावे विंडोजमध्ये चालतात, पण फाइल कुठे अपलोड करताना किंवा झिप करून दुसरीकडे उघडताना त्यांची कधीकधी चौकटी-चौकटी होते. `\ / : * ? " < > |` ही चिन्हे विंडोज नावात घेतच नाही, त्यामुळे 4/7/2025 लिहिता येणार नाही. चौकोनी कंस विंडोज घेते, पण पिव्हट टेबल करताना एक्सेल त्यावर अडते. तेही टाळा.

फोल्डरवर `dhar` लिहिले आहे, मग नावात पुन्हा कशाला, असे सगळे विचारतात. कारण फाइल फोल्डर सोडून मेलवर जाते, आणि तिथे तिच्याबरोबर फक्त नाव असते. शिवाय एक्सेल एका नावाच्या दोन फाइली एका वेळी उघडत नाही, त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये असल्या तरी. धार आणि उज्जैन दोघांचीही `udhari.xlsx` असेल तर शेजारी ठेवून ताळा कसा बघणार?

`final`, `new`, `latest`, `sahi wali` हे शब्द नावात बंद. `final` च्या मागे `final2` येतेच. तारीख असली की शेवटची प्रत कोणती हे विचारावे लागत नाही.

नवी प्रत कधी करायची

दर वेळी नाही. रोज नवी प्रत काढलीत तर महिन्याभरात फोल्डर भरेल आणि कोणती खरी हे कोणालाच सांगता येणार नाही. तुम्हीच काम करत आहात आणि फाइल अजून कोणाला दिलेली नाही, तोवर त्याच फाइलीत `Ctrl+S` दाबत राहा. फाइल दुसऱ्याच्या हातात गेली की ती तारीख गोठली. सीएंना, गोदामाला, पार्टीला किंवा मोठ्या साहेबांना पाठवलेली प्रत नंतर कोणीही बदलायची नाही.

याचे कारण साधे आहे. विक्रीचे मासिक विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जाते. आपण जूनची विक्री ९ जुलैला पाठवली, सीएंनी तेच आकडे पोर्टलवर भरले. नंतर १५ तारखेला तुम्ही त्याच फाइलीत एक क्रेडिट नोट चढवली, तर पोर्टलवरचा आकडा कुठून आला हे दाखवायला आपल्याकडे कागदच उरत नाही. जीएसटीच्या नियमाने हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे हा प्रश्न तुम्ही दुसऱ्या टेबलावर गेल्यानंतरही विचारला जाऊ शकतो.

पाठवलेल्या प्रतीवर राइट-क्लिक करून `Properties` मध्ये `Read-only` ला खूण करा. बदल करायचा असेल तर आधीची फाइल उघडा आणि काहीही लिहिण्याआधी `F12` दाबून नव्या तारखेने जतन करा. आधी बदल आणि मग `F12` हा क्रम धोक्याचा आहे, कारण मध्ये सवयीने `Ctrl+S` दाबले जातेच. वनड्राइव्हवरची फाइल असेल आणि वर `AutoSave` सुरू असेल तर बटण न दाबताही जुन्या फाइलीत बदल जातात. नवी प्रत झाली की जुनी `99_purane` मध्ये हलवा, पुसू नका.

नव्या प्रतीत `mahiti` नावाच्या पहिल्या शीटवर एक ओळ लिहा: तारीख, काय बदलले, तुमचे नाव. `Ctrl+;` ने आजची तारीख येते. ओळ मोठी नको, «पार्टीचा चेक परत, २२,४०० पुन्हा बाकी» एवढी पुरे.

एक अपवाद

`03_stock` मधल्या `stock_chalu.xlsx` ला तारीख नाही, आणि ती लावायचीही नाही. विक्री आणि ऑर्डरच्या दोन फाइली तिच्यातून आकडे ओढतात. तिचे नाव किंवा जागा बदलली की त्या लिंक तुटतात आणि तिकडे जुनेच आकडे दिसत राहतात. फाइल व्यवस्थित उघडते, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. तिची तारीख घातलेली प्रत गोदामवाले दर महिनाअखेरीला काढून `99_purane` मध्ये ठेवतात.

व्हॉट्सअ‍ॅप आणि मेलवरून आलेल्या फाइली

लाइनवरची मुले `Book1.xlsx` पाठवतात. त्यांना रस्त्यात सांगून काही उपयोग नाही, नाव आपणच लावायचे. आलेली फाइल आधी `Z:` वर योग्य नावाने ठेवा, मग उघडा. मेलमधूनच उघडून `Enable Editing` दाबून काम केलेत तर ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये राहते आणि नंतर सापडत नाही. नावामागे `(1)` दिसले तर तीच फाइल दुसऱ्यांदा उतरली आहे.

बँकेतून सीएसव्ही येते. ती जशीच्या तशी ठेवा आणि काम `.xlsx` प्रतीत करा. सीएसव्हीत एकच शीट राहते, सूत्रे आणि रंग जातात, आणि ती एक्सेलमध्ये थेट उघडली की खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गळते. तसेच जतन केले तर मूळ फाइलही गेली.

फाइल उघडताना ती दुसऱ्याकडे उघडी आहे असा निरोप आला तर `Read Only` घेऊन बघा किंवा त्या टेबलावर हाक मारा. स्वतःची वेगळी प्रत काढून त्यात भरणे सुरू करू नका, मग दोन उधाऱ्या तयार होतात आणि त्या जुळवायला संध्याकाळ जाते. `~$` ने सुरू होणारी छोटी फाइल दिसली तर तिला हात लावू नका. कोणीतरी आत आहे याची ती खूण असते.

नियमात न बसणारी जुनी फाइल सापडली तर तिचे नाव स्वतःहून बदलू नका, तिच्यावर दुसरी कुठली फाइल अवलंबून असू शकते. लेखा टेबलावर दाखवा. पहिल्या आठवड्यात तुम्ही केलेल्या फाइलींची नावे शनिवारी दुपारी तिथेच एकदा बघून घेतली जातील.