प्रशासकीय कायदा: गल्लत होणाऱ्या दहा जोड्या (विधी प्रथम वर्ष, उजळणीसाठी टिपण)

अंतर्गत चाचणीच्या एका उत्तरपत्रिकेत "उच्च न्यायालयाने पुनरीक्षणात महादेश फेटाळला" असे वाक्य आले, आणि त्यात तीन संज्ञा एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. म्हणून प्रत्येक जोडी वाचताना काम कोण करतो, केव्हा करतो आणि त्याला तो अधिकार कोणी दिला, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत.

अपील आणि पुनरीक्षण. ही जोडी आपल्याकडे घराघरांत ठाऊक असते, कारण पांदणीचा वाद बहुतेक गावांत असतोच. धुऱ्यावरची वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येते. मात्र तहसीलदाराच्या निर्णयावर कलम २३ प्रमाणे अपील नाही, जिल्हाधिकारी कागदपत्रे मागवून आदेश बेकायदा किंवा अनुचित आहे का एवढेच पुनरीक्षणात तपासतो. अपील हा पक्षकाराचा कायद्याने दिलेला हक्क असून त्यात वस्तुस्थिती व कायदा दोन्ही नव्याने तपासता येतात. पुनरीक्षण ही वरिष्ठाची देखरेखीची शक्ती आहे. "अपील नाही" म्हणजे "उपाय नाही" असा अर्थ काढू नये. ही चूक दरवर्षी होते.

पुनर्विलोकन आणि न्यायिक पुनर्विलोकन. नावे जवळची, कामे दूरची. पहिल्यात तेच प्राधिकरण स्वतःचा आदेश पुन्हा पाहते, तेही कायद्याने अधिकार दिला असेल तरच. दुसऱ्यात उच्च न्यायालय अनुच्छेद २२६ खाली निर्णयाची वैधता तपासते, निर्णय शहाणपणाचा होता की नाही हे सहसा पाहत नाही.

प्रशासकीय कृती आणि अर्धन्यायिक कृती. रास्त भाव दुकान कोणत्या वस्तीत असावे हे ठरवणे प्रशासकीय, तर तक्रारीवरून दुकानदाराचा परवाना रद्द करणे अर्धन्यायिक. मात्र ही सीमारेषा आता पातळ झाली आहे. ए. के. क्रायपाक खटल्यात (१९६९) भारतीय वन सेवेच्या निवड मंडळावर बसलेला एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. प्रशासकीय कामातही नैसर्गिक न्याय पाळावा लागतो असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले व निवड रद्द केली.

पक्षपाताविरुद्धचा नियम आणि सुनावणीचा नियम. क्रायपाकमधील दोष पहिल्या नियमाचा आहे, कारण स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश होऊ शकत नाही. वरच्या दुकानदाराला नोटीस न देताच परवाना रद्द केला, तर तो दुसऱ्याचा भंग ठरेल.

नियम आणि विनियम. नियम साधारणतः शासन करते, विनियम वैधानिक मंडळ किंवा महामंडळ करते. सुखदेव सिंह खटल्यात (१९७५) वैधानिक महामंडळांच्या विनियमांनाही कायद्याचे बळ असल्याचे मान्य झाले.

प्रत्यायोजित आणि सशर्त विधिविधान. प्रत्यायोजित विधिविधानात विधिमंडळ मूळ धोरण ठरवते व तपशील कार्यकारी यंत्रणा भरते. सशर्त विधिविधानात कायदा पूर्ण तयार असतो. तो केव्हा आणि कुठे लागू करायचा एवढेच शासनाकडे राहते. अत्यावश्यक विधायी कार्य सोपवता येत नाही, हा मुद्दा १९५१ च्या दिल्ली कायदा संदर्भाच्या आधारे लिहावा.

सारभूत आणि कार्यपद्धतीविषयक अधिकारातिक्रम. मूळ अधिनियमाने दिलाच नाही असा कर लावणारी उपविधी सारभूत दोषाने पडते. अधिकार होता, पण अनिवार्य असलेली पूर्वप्रसिद्धी केलीच नाही, तर दोष कार्यपद्धतीचा.

प्रतिषेध आणि प्राकर्षण. फरक वेळेचा आहे. कनिष्ठ न्यायालय किंवा न्यायाधिकरणाचे काम चालू असताना त्याला अधिकारकक्षेबाहेर जाण्यापासून थांबवतो तो प्रतिषेध; निर्णय होऊन गेल्यावर तो रद्द करते ते प्राकर्षण.

महादेश आणि क्वाधिकार. कायद्याने बंधनकारक असलेले काम अधिकारी करत नसेल, तर ते करण्याचा हुकूम म्हणजे महादेश. केवळ विवेकाधीन असलेली गोष्ट अमुक प्रकारेच करा, असे त्यातून सांगता येत नाही. क्वाधिकारात सार्वजनिक पदावर बसलेल्याला "कोणत्या अधिकाराने?" असे विचारले जाते, आणि तो प्रश्न विचारणाऱ्याचे स्वतःचे नुकसान झालेले असावे लागत नाही.

न्यायालय आणि न्यायाधिकरण. न्यायालयाची कक्षा सर्वसाधारण, न्यायाधिकरणाची एका विषयापुरती. राज्य कर्मचाऱ्याचा सेवाविषयक वाद आधी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो, ज्याचे खंडपीठ नागपुरात आहे. त्याच्या निर्णयावर उच्च न्यायालयाचे न्यायिक पुनर्विलोकन कायम राहते, हे एल. चंद्रकुमार खटल्यात (१९९७) ठरले. उत्तरात या खटल्याचे वर्ष चुकले तर चालेल, तत्त्व चुकता कामा नये.